बंदूक नुसती शोभेची?

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘हातांचं डोलणं’ असा छापलाय, म्हणजे खेळाडूच्या डोळ्यातून दिसणाऱ्या गेममधले बंदूक धरलेले हात. डोलण्याकडे येतोच, पण आधी एक जुनं दुखणं सांगू द्या.

माझ्या पहिल्या गेमची चाचणी घेणारा मित्र म्हणाला, “गोळी नळीतून येतच नाही रे, शेजारच्या हवेतून येते. बंदूक नुसती शोभेची.” मी नळीच्या टोकाचा बिंदू हाताने सरकवत दोन दिवस घालवले. माझ्या स्क्रीनवर जुळलंही! मग त्याने सेटिंगमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर मावणारा नजरेचा कोन, वाढवला आणि गोळी पुन्हा हवेत.

चूक बिंदूत नव्हती. तुम्हाला ठाऊकच आहे, समोर दिसतात ते कोणाचे हात नसतात. मागे धड नसलेलं ते व्ह्यूमॉडेल. (एकदा कॅमेरा मागे नेऊन बघा, रात्री झोप लागणार नाही.) जग आपण ९० अंशांनी दाखवतो. तेवढ्या कोनात डोळ्याजवळची बंदूक ताणलेली दिसते, म्हणून तिला वेगळा, समजा ५४ अंशांचा कोन देतो. म्हणजे एकाच बिंदूला स्क्रीनवर दोन पत्ते.

हिशोब करू. दोन्ही कोन आडवे, स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद. नळीचं टोक डोळ्यापासून ४० एकक पुढे आणि १० एकक उजवीकडे. ५४ अंशांत ते मध्यापासून साधारण ४७१ पिक्सेलवर दिसतं. गोळीची रेघ मात्र जगाच्या कोनात काढलेली, म्हणून ती २४० पिक्सेलवर सुरू होते. मधली २३१ पिक्सेल म्हणजे मित्राची ती हवा.

उपाय एका ओळीचा. पुढचं अंतर तसंच ठेवायचं, आडवं आणि उभं अंतर या गुणकाने वाढवायचं:

```
k = tan(worldFov/2) / tan(viewFov/2)
```

इथे तो १.९६ येतो, १० चे १९.६ झाले की रेघ नळीला चिकटते. कोन बदलला की गुणकही बदलतो, माझा हाताने सरकवलेला आकडा बदलत नव्हता. फक्त नेम या बिंदूवरून धरू नका. भिंतीला खेटून उभं राहिलं की तो भिंतीच्या आत जातो. मारा डोळ्यातूनच मोजायचा, रेघ दिखाव्यापुरती.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली म्हणे. तर डोलणं.

माउस फिरवला की बंदूक जरा मागे रेंगाळते, तो स्वे. दर फ्रेमला उरलेल्या अंतराच्या दहा टक्के जवळ आणलंत, तर १४४ फ्रेमच्या मशीनवर ती ६० च्या दुपटीहून जलद सावरते. दहा टक्क्यांऐवजी `1 - exp(-r*dt)` घ्या, r म्हणजे सावरण्याचा वेग, dt म्हणजे फ्रेमला लागलेला वेळ. चालतानाचा बॉब घड्याळावर नको, चाललेल्या अंतरावर चालवा. दोन पावलांत एकदा डावी-उजवीकडे, दोनदा वर-खाली. तो बंदुकीला भरपूर द्या, कॅमेऱ्याला अगदी थोडा, कारण कॅमेरा वळला की नेमही हलतो. आणि नळीचा बिंदू वाचायचा तो हे सगळं लावून झाल्यावर, नाहीतर पळताना ज्वाळा एक फ्रेम मागून येते.