पान उघडलंत का?

(वकिलांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे संपादित शब्दांकन)

विषय दिलाय ‘संशोधनातील पडताळणीच्या सवयी’. सवयींवर येतोच, पण आधी वर्गीसची गोष्ट सांगू द्या. ही मी इतक्यांदा सांगितली आहे की घरचे लोक वर्गीसना आमचे नातेवाईक समजतात. ते जन्मालाच आलेले नाहीत, ही त्यातली मुख्य अडचण.

माटा विरुद्ध एव्हिआन्का, न्यूयॉर्कमधलं फेडरल न्यायालय, २०२३. विमानात जेवणाची धातूची गाडी गुडघ्याला लागली म्हणून प्रवाशाचा दावा. कंपनी म्हणाली, मॉन्ट्रियल करारात मुदत दोन वर्षांची आहे आणि ती उलटली. मधल्या काळात कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली होती. तेव्हा वादीच्या वकिलाला एवढंच हवं होतं, की दिवाळखोरीमुळे मुदतीचं घड्याळ थांबतं असं कुठल्या तरी न्यायालयाने म्हटलेलं असावं. त्याने चॅटजीपीटीला विचारलं. मिळालं ना! वर्गीस विरुद्ध चायना सदर्न एअरलाइन्स, अकरावं सर्किट म्हणजे तिथलं एक फेडरल अपील न्यायालय, २०१९. विमान कंपनी तीच नाही, बाकी सगळं तंतोतंत.

आता आपण इतकी वर्षं दाखले शोधतोय. हवा तसा निवाडा कधी मिळतो का हो? खरा निवाडा कुठेतरी अडतोच. वस्तुस्थिती वेगळी निघते, नाहीतर आपल्याला सोयीचं वाक्य अल्पमतातल्या न्यायाधीशाचं असतं. (हसताय, म्हणजे अनुभव आहे.) असल्या यंत्राचं काम प्रश्नाला शोभेलसा मजकूर पुढे जुळवत नेण्याचं. त्यामुळे दाखला फारच गोड लागला तर मला आधी शंका येते.

प्रतिपक्षाने १५ मार्चच्या उत्तरात लिहिलं की हे निवाडे सापडत नाहीत. न्यायालयाने प्रती मागवल्या. वकिलाने यंत्रालाच विचारलं, वर्गीस खरा आहे ना? ते म्हणालं, हो. साक्षीदाराच्या खरेपणाला तोच साक्षीदार! मग यंत्राने लिहिलेला ‘निवाडा’च प्रत म्हणून दाखल झाला, आणि न्यायमूर्ती कास्टेल यांनी तो वाचला. एका माणसाच्या मृत्यूची भरपाई मागणारा दावा म्हणून तो सुरू होतो आणि मध्येच बँकॉकहून न्यूयॉर्कला जाणारं विमान चुकलेल्या प्रवाशाचा होतो. वादीचं नावही बदलतं.

सायटेशन होतं फेडरल रिपोर्टर, तिसरी मालिका, खंड ९२५, पान १३३९. ते पान खरं आहे, पण त्यावर वर्गीस नाही. पान १२९१ पासून सुरू होणारा जे.डी. विरुद्ध अझार हा वेगळ्याच न्यायालयाचा निवाडा तिथे चालू आहे. प्रकरण क्रमांकही दुसऱ्याच कुणाच्या खटल्याचा निघाला.

माझं खूळ ते हेच. सायटेशन हा पत्ता आहे. आपण नाव शोधतो, नाव सापडत नाही, मग ‘आपला डेटाबेस अपुरा असेल’ असं स्वतःला समजावतो. त्या वकिलाचंही असंच झालं. त्यापेक्षा पत्त्यावर जावं. तिथे दुसरंच कुणी राहत असेल तर प्रश्न मिटला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर सवयी, धावत.

खंड आणि पान उघडून पक्षकार, न्यायालय, वर्ष जुळवा. मग हेडनोट सोडून निवाड्यातली वस्तुस्थिती वाचा. वर्गीस तिथेच पकडला जातो. निवाड्याच्या आतला एखादा दाखलाही उघडा. वर्गीसमध्ये झिचरमन विरुद्ध कोरियन एअर लाइन्स हा अकराव्या सर्किटचा २००८ चा निवाडा म्हणून आला होता. त्या नावाचा खरा निवाडा आहे, पण तो अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा, १९९६ चा. अशी अर्धी खरी नावं जास्त फसवतात. अवतरणातलं वाक्य मूळ मजकुरात शब्दशः शोधा, कारण निवाडा खरा आणि त्याच्या तोंडचं वाक्य बनावट, हेही घडतं आणि ते पत्ता तपासून कळत नाही. शेवटी तो निवाडा पुढे फिरवला गेलाय का, ते बघा.

ज्युनिअरने काढलेल्या दाखल्यांच्या यादीवर प्रत्येक नावापुढे ‘मी पान उघडलं’ अशी त्याची सही घ्या. आणि ज्याची सही अर्जावर, त्याने निदान आपला मुख्य आधार स्वतः उघडावा. माटामध्ये शोधणारा एक आणि सही करणारा दुसरा होता. दंड दोघांना आणि फर्मला मिळून ५,००० डॉलर. शिवाय ज्या न्यायाधीशांच्या नावावर खोटे निवाडे खपवले, त्यांना पत्रं पाठवायची.

चिठ्ठी दुसरी. एकच सांगतो. दाखल करून बसल्यावर कळलं तर? त्याच दिवशी मागे घ्या. यंत्र वापरणं मुळात गैर नाही, असं कास्टेल यांनी निकालात लिहिलंय. आणि १५ मार्चच्या उत्तरानंतर लगेच कबुली आली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं, असंही. दंडाचं खरं कारण मधले ते आठवडे.

उठतो. झिचरमनवर प्रश्न असतील तर चहाच्या वेळी.