प्रिंट न उखडता कॅपॅसिटर कसा काढायचा?

राम राम मंडळी. हे कार्ड बघा. रावेरकडच्या केळीच्या बागेतल्या मोटारीच्या ऑटो स्टार्टरचं आहे. रिले नुसता कटकट करतोय, कारण सप्लायचा हा कॅपॅसिटर, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा, डोक्यावर फुगलाय. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत तो लवकर सुकतो. कार्ड पेटीतून सोडवून कॅपॅसिटर डिस्चार्ज केलाय, आता काढू.

आधी बोर्ड उलटा करून बघा. तपकिरी आहे, प्रिंट म्हणजे तांब्याच्या पट्ट्या एकाच बाजूला. म्हणजे भोकाच्या आत तांबं नाही, भोकाभोवतीचा तांब्याचा पॅड नुसत्या गोंदावर चिकटलेला आहे. तापला की गोंद मऊ पडतो, आणि त्याच वेळी जोर लागला की पॅड उखडतो. आयर्न तापलेलं असताना बोर्डावर जोर द्यायचा नाही, एवढं सांभाळायचं.

जुना जोड निस्तेज झालाय. त्यावर थोडं नवीन ६०/४० सोल्डर लावा. उलटं वाटेल, काढायचंय आणि आपण वाढवतोय! पण नव्या सोल्डरमधल्या फ्लक्समुळे जुनं लवकर आणि सगळं एकदम वितळतं. आयर्न ३३० ते ३५० डिग्रीला, दोन-तीन सेकंद. पाय दुमडलेला असेल तर सोल्डर पातळ असतानाच चिमट्यानं सरळ करा.

आता वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप. नोझल जोडाजवळ न्या, पण पॅडवर दाबू नका. बटण दाबलं की पंप झटका देतो, आणि तो झटका मऊ पडलेल्या गोंदावर बसतो. सोल्डर पूर्ण चमकलं की बटण.

उरलेल्या सोल्डरला विक, म्हणजे तांब्याच्या जाळीची पट्टी. विकला फ्लक्स लावा, जोडावर ठेवा, वरून आयर्न टेकवा. सोल्डर विकमध्ये चढताना दिसेल, ही बघा, तांब्याची जाळी चांदीसारखी होतेय. आता विक आणि आयर्न दोन्ही एकदम उचला. विक पॅडवर घासायची नाही. आयर्न आधी उचललं तर विक तिथेच गोठते आणि ओढताना पॅड घेऊन येते. तसं झालंच तर परत तापवा, ओढू नका.

निगेटिव्हचा पाय मोठ्या प्रिंटला आहे, ती उष्णता खेचून घेते. इथे तापमान वाढवण्यापेक्षा रुंद टिप लावा.

थंड झाल्यावर चिमट्यानं पाय हलवा. भोकात मोकळा हलला तर कॅपॅसिटर आपोआप निघेल. अडकला तर कुठेतरी सोल्डर आहे, पुन्हा नवीन सोल्डर लावून काढा. पण आधी पॅड थंड होऊ द्या.

नवीन बसवण्याआधी भोकं उजेडाकडे धरून बघा. भोक अर्धवट बंद असताना वरून पाय ढकलला, तर खालचा पॅड तिथेच सुटतो.