आर्बिट्राज प्राइसिंग: वजाबाकीतून मिळणारा परतावा

स्टीफन रॉस यांनी 1976 साली मांडलेल्या या सिद्धांताचं सूत्र एका ओळीचं आहे. गुंतवणुकीचा अपेक्षित परतावा काढायचा तर जोखीममुक्त दर घ्या, प्रत्येक घटकाचा बीटा, म्हणजे तो घटक अचानक हलला की परतावा किती हलतो ते, त्या घटकाच्या रिस्क प्रीमियमने, म्हणजे ती जोखीम घेण्याच्या जादा मोबदल्याने गुणा आणि सगळं मिळवा. आज मी एकच उदाहरण घेणार आहे, पण ते शेवटपर्यंत नेणार आहे.

समजा, जोखीममुक्त दर 6 टक्के आहे आणि घटक दोन आहेत: औद्योगिक उत्पादन आणि महागाई. उत्पादनाचा प्रीमियम 4 टक्के, महागाईचा उणे 2. प्रीमियम उणे कसा, असा प्रश्न इथे हमखास येतो. महागाई अचानक भडकली की ज्या गुंतवणुकीचा भाव चढतो, ती विम्यासारखी उपयोगी पडते, म्हणून लोक तिच्यावर कमी परतावाही चालवून घेतात. आपल्या पोर्टफोलिओचा उत्पादनाशी बीटा 1.2 आहे आणि महागाईशी उणे 0.5, म्हणजे महागाईत तो मार खातो. ती जोखीम घेतल्याचा मोबदला त्याला मिळायलाच हवा. उणे गुणिले उणे, अधिक 1 टक्का. एकूण 6 अधिक 4.8 अधिक 1, म्हणजे 11.8 टक्के.

आता कोणी म्हणालं की हा पोर्टफोलिओ 14 टक्के देणार आहे, तर? असे दोन पोर्टफोलिओ घ्या, ज्यांचा एकाच घटकाशी बीटा 1 आणि दुसऱ्याशी शून्य आहे. उत्पादनवाल्याचा अपेक्षित परतावा 10 टक्के, महागाईवाल्याचा 4. शंभर रुपयांमागे पहिल्यात 120 घाला, दुसरा 50 रुपयांचा शॉर्ट करा, म्हणजे उसना घेऊन विका, उरलेले 30 जोखीममुक्त ठेवा. बीटा अगदी तेच, परतावा 12 उणे 2 अधिक 1.8, म्हणजे पुन्हा 11.8. हे मिश्रण विकून 14 वाला घेतला, तर घटकांची जोखीम न घेता 2.2 टक्के हाती येतात. सगळेच तो घेऊ लागतात, त्याचा भाव चढतो आणि परतावा खाली येतो. मला या सिद्धांतातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. मात्र हा युक्तिवाद भरपूर विविधता असलेल्या पोर्टफोलिओलाच नीट लागू पडतो. एकट्या शेअरमध्ये कंपनीची स्वतःची जोखीम उरते, ती अशी कापता येत नाही.

विद्यार्थी नेहमी चुकतात ते दुसरीकडेच. उत्पादन 5 टक्के वाढेल असा अंदाज आहे, म्हणून ते 1.2 ला 5 ने गुणतात. पण तो अंदाज भावात आधीच धरलेला असतो. गुणायचं ते प्रीमियमने. वर्षअखेरीस उत्पादन अंदाजापेक्षा 1 टक्का जास्त आणि महागाई 2 टक्के जास्त निघाली, तर प्रत्यक्ष परतावा 11.8 अधिक 1.2 उणे 1, म्हणजे 12 टक्के. ही भर धक्क्यांची आहे. सरासरीने धक्के शून्य असतात, म्हणून अपेक्षित परताव्यात त्यांना जागा नाही.

आणि हे 11.8 दशांशापर्यंत खरं मानू नका. बीटा जुन्या परताव्यांवरून रिग्रेशनने काढतात. उत्पादनाचा बीटा 0.3 ने इकडेतिकडे झाला, तरी उत्तर 1.2 टक्क्यांनी हलतं. प्रीमियमचा अंदाज तर त्याहून डळमळीत असतो. शिवाय घटक कोणते घ्यायचे, हे सिद्धांत सांगतच नाही. चेन, रोल आणि रॉस यांनी 1986 मध्ये उत्पादन आणि महागाईबरोबर व्याजदरांतले फरकही घेतले, पण ती निवड त्यांची होती.