नऊ पस्तीसचा स्ट्रॅडल

(नाशिकमध्ये कॉलेज रोडजवळच्या एका छोट्या सभागृहात ऑप्शनमध्ये ट्रेडिंग करणाऱ्यांपुढे केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, आज एकाच स्ट्रॅटेजीबद्दल बोलणार आहे, आणि ती माझीच आहे. निफ्टीचा इंट्राडे शॉर्ट स्ट्रॅडल. सकाळी ठरलेल्या वेळी एटीएम कॉल आणि पुट दोन्ही विकायचे, दोघांना वेगवेगळा स्टॉप लॉस लावायचा आणि दुपारी बाहेर पडायचं. इथल्या निम्म्या लोकांनी हे केलेलं असणार. हसू नका, मीही केलंय.

बॅकटेस्टला बसलो तेव्हा हातात तीन खुंट्या होत्या. एंट्रीची वेळ ९:२० पासून १०:३० पर्यंत, दर पाच मिनिटांनी, म्हणजे १५ पर्याय. स्टॉप लॉस प्रीमियमच्या १५ टक्क्यांपासून ६० टक्क्यांपर्यंत, १० पर्याय. बाहेर पडायच्या वेळा ४. गुणाकार केला तर ६०० जोड्या होतात. संगणकाने रात्रभरात सगळ्या चालवल्या आणि सकाळी पहिल्या नंबरावर होती ९:३५ ची एंट्री, ३० टक्के एसएल, ३ वाजता एक्झिट. २०२३ मध्ये रोजची सरासरी ११ पॉइंट. आकडे मी गोल करून सांगतोय, आणि खर्च अजून वजा केलेला नाही.

आता ६०० म्हणजे काय, ते बघा. ६०० माणसांना प्रत्येकी दहा वेळा नाणं उडवायला सांगितलं, तर नऊ किंवा दहा छापे पडलेली साधारण सहा माणसं निघतीलच. त्यांना नाणं उडवायची कला येत नसते. आपल्या ६०० जोड्या एकमेकींपासून इतक्या सुट्या नाहीत, ९:३५ आणि ९:४० मध्ये बरंच साम्य असतं, त्यामुळे नशिबाचा वाटा थोडा कमी होतो. पण संपत नाही. आपण पहिला नंबर निवडतो तेव्हा स्ट्रॅटेजीबरोबर तिचं नशीबही निवडत असतो.

मला शंका आली ती शेजाऱ्यामुळे. सगळं तेच ठेवून एंट्री फक्त ९:३० केली, तर ११ चे ८ पॉइंट झाले. पाच मिनिटांत बाजाराचा स्वभाव बदलत नाही, मग हे तीन पॉइंट आले कुठून? म्हणून दोन्हींचा दिवसवार फरक काढून मोठ्यापासून छोट्याकडे लावला. वर्षात सुमारे २४५ दिवस बाजार चालला, तेव्हा रोजचे तीन म्हणजे वर्षाचे साधारण ७३५ पॉइंट. आणि ते जवळजवळ सगळे आठ दिवसांतून आले होते.

त्यातला एक प्रकार सांगतो. ९:३५ ला कॉल १२० ला विकला, एसएल १५६. ९:३० ला तोच कॉल ११८ ला विकला, एसएल १५३.४०. प्रीमियम वर गेला, १५५ ला शिवून परतला आणि दुपारी ६० वर आला. एकाला ६० पॉइंट मिळाले, दुसऱ्याचे ३५ गेले. दोघांत ९५ पॉइंटचा फरक पडला, आणि कारण काय, तर दोन रुपयांचा प्रीमियम. दुसरा प्रकार स्ट्राइकचा. निफ्टीचे स्ट्राइक ५० च्या अंतरावर असतात. ९:३० ला निफ्टी १९,५२० असेल तर एटीएम १९,५००, आणि ९:३५ ला १९,५३० झाला की एटीएम १९,५५०. दहा पॉइंट हलले आणि तुम्ही वेगळाच व्यवहार घेऊन बसलात.

आपल्या दिंडोरी-निफाडकडचं उदाहरण देतो. एखाद्याची १२ ऑक्टोबरची गोडी छाटणी साधली, फुलोऱ्यात पाऊस चुकला. शहाणा बागायतदार पुढच्या वर्षी १२ तारीख धरून बसत नाही. तो विचारतो, ८ आणि १६ तारखेला छाटणाऱ्यांचं काय झालं? त्यांचंही बरं असेल तर तो काळ चांगला होता. त्यांच्या बागा गेल्या असतील तर याचं नशीब चांगलं होतं.

तर वॉक-फॉरवर्ड. माझ्याकडे जानेवारी २०२० ते डिसेंबर २०२४ असा पाच वर्षांचा मिनिटामिनिटाचा डेटा होता. पहिले बारा महिने, म्हणजे अख्खं २०२०, घेऊन ६०० मधली उत्तम जोडी निवडायची. ती गोठवायची आणि जानेवारी ते मार्च २०२१ वर चालवून निकाल लिहून ठेवायचा. मग खिडकी तीन महिने पुढे सरकवायची, पुन्हा निवडायचं, पुढचे तीन महिने तपासायचे. असे १६ तुकडे होतात. निवडताना न पाहिलेले हे तुकडे जोडले की जो आलेख तयार होतो, तोच खरा. बाकीचा आलेख भिंतीवर लावायला.

निवडीच्या खिडक्यांत सरासरी १२ पॉइंट दिसत होते. पुढच्या तुकड्यांत आले ३. म्हणजे पंचवीस टक्के टिकले. चार ऑर्डरचं स्लिपेज, ब्रोकरेज आणि एसटीटी धरून माझा खर्च तीनच्या आसपास जातो, त्यामुळे हातात शून्य.

त्या शून्यापेक्षा मला जास्त शिकवलं निवडलेल्या जोड्यांच्या यादीने. एका तिमाहीत ९:३५ आणि ३०, पुढच्या तिमाहीत १०:१० आणि ५५, मग ९:२० आणि २०. बेडकासारख्या उड्या. खरोखर काही पकडलं असतं तर आकडे सावकाश सरकले असते. एसएलची एक गंमत मात्र होती. मार्च २०२० खिडकीत होता तोवर संगणक घट्ट एसएल निवडत होता. एप्रिल २०२० ते मार्च २०२१ या खिडकीतून तो महिना बाहेर पडला आणि एसएल सैल होऊ लागला. बरोबरच आहे, शांत काळात घट्ट एसएल उगाच लागतो आणि सैल एसएल पैसे कमावतो. म्हणजे शांत वर्षानंतर यंत्र तुम्हाला सैल एसएल हातात देऊन ४ जून २०२४ सारख्या निकालाच्या दिवसात पाठवतं. म्हणून दिवसाच्या एकूण तोट्याची मर्यादा मी आता ऑप्टिमायझरच्या हाती देत नाही. ती माझी मी ठरवतो.

मग खुंट्या कमी केल्या. एक्झिट ३:१५ ला कायम, एसएलचे तीनच पर्याय, आणि पहिला नंबर घेण्याऐवजी प्रत्येक जोडीला तिच्या शेजाऱ्यांच्या सरासरीचे गुण. निवडीत ७ दिसले, पुढे ५ टिकले. खर्च जाऊन दोन. दिसायला दरिद्री, पण ९:४० चे ९:४५ केले तरी मोडत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, बारा आणि तीनच महिने का? सहा आणि एक का नाही?)

चांगला प्रश्न, आणि धोकादायकही. मीही सहा-एक, अठरा-तीन, चोवीस-सहा असं सगळं चालवलं होतं. त्यातली सर्वांत गोड खिडकी उचलली की वॉक-फॉरवर्डच ओव्हरफिट होतं, एक खुंटी वाढली इतकंच. खिडकी आधी ठरवून लिहून ठेवा. बाकीच्या लांबींवर निकाल साधारण तसाच येतो का, एवढंच बघा. आणि फक्त एक्सपायरीच्या दिवशी ट्रेड करत असाल तर तीन महिन्यांत जेमतेम तेराच दिवस मिळतात. तेरा दिवसांवरून काही ठरत नाही, तपासणीचा तुकडा मोठा घ्या.

(प्रश्न : वारांप्रमाणे वेगळा एसएल ठेवला तर?)

वार नका घेऊ. निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी सप्टेंबर २०२५ पासून गुरुवारची मंगळवारी आली. तुमच्या कोडमध्ये 'गुरुवार' असेल, तर तो आता एक्सपायरीचा दिवस नाही, दोन दिवसांनंतरचा आहे. एक्सपायरीला किती दिवस उरले, हे मोजा. बँक निफ्टीवाल्यांची गोष्ट आणखी वेगळी, त्यांची साप्ताहिक एक्सपायरीच नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. तिथे वॉक-फॉरवर्डला पुढचा तुकडाच उरला नाही.

(प्रश्न : तुम्ही आता हे चालवता का?)

२०२५ चे पहिले सहा महिने मी कुलपात ठेवले होते, एकदाही न बघता. सगळं ठरल्यावर एकदाच उघडले. खर्च जाऊन दीड पॉइंट आला. एक लॉट चालू आहे.