रग्बीतली न आखलेली रेषा

[दृश्य: लाल मातीचं मैदान. एक माणूस फक्कीने रेषा आखतो आहे. मागून खेळाडू पळत जातात.]

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला पकड म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. तालमीतली कुस्ती आणि शाळेच्या पटांगणातली कबड्डी बघतच तो मोठा होतो. रग्बी पहिल्यांदा बघताना त्याचा घोटाळा होतो तो नेमका इथंच. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. कबड्डीत चढाईला आलेल्याला धरून ठेवलं की तो बाद. रग्बीत धरून खाली पाडलं तरी काहीच संपत नाही. खेळ चालूच राहतो आणि पाडणाऱ्याला पकड सोडावी लागते.

संघात 15 जण, 40 मिनिटांचे दोन डाव. समोरच्याच्या गोलरेषेवर किंवा तिच्या पलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे 5 गुण. सुरुवातीला एवढं पुरे. आता एकच पकड बघू, पण सावकाश.

[दृश्य: निळा संघ डावीकडून उजवीकडे चाल करतो. 12 नंबरच्या हातात चेंडू. गती मंदावते.]

निळ्यांचा 12 नंबर चेंडू घेऊन सरळ आत घुसतो. लालांचा 6 नंबर खाली वाकतो, खांदा त्याच्या मांडीला लावतो, दोन्ही हातांनी पाय आवळतो. दोघं खाली येतात. हा टॅकल. धरलेलं असताना चेंडूवाल्याचा एक गुडघा जरी जमिनीला लागला तरी टॅकल झाला, पाठ टेकायची गरज नाही. पण कुणी धरलेलंच नसेल आणि तो नुसताच घसरून पडला असेल, तर तो टॅकल नव्हे. तो उठून पुन्हा पळू शकतो. प्रेक्षक तेव्हा हमखास ओरडतात, पण ओरडण्यासारखं काही घडलेलं नसतं.

पकड खांद्याच्या रेषेखालीच हवी. मानेला किंवा डोक्याला हात गेला की पेनल्टी, आणि प्रकार धोक्याचा असेल तर कार्ड. पिवळं कार्ड मिळालं की तो 10 मिनिटं बाहेर बसतो आणि संघ 14 जणांवर खेळतो.

[दृश्य: जमिनीजवळून. दोन हात सुटतात. चेंडू मातीवर.]

आता दोघंही जमिनीवर आहेत आणि दोघांचीही जबाबदारी एकच आहे: सोडणं. लाल 6 ने माणूस सोडायचा आणि बाजूला व्हायचं. निळ्या 12 ने चेंडू सोडायचा. सराव असलेला खेळाडू अंग वळवतो, हात लांब करतो आणि चेंडू आपल्या माणसांच्या बाजूला, जमेल तितका दूर ठेवतो. त्या हातभर अंतराला फार किंमत आहे, कारण लालांचा 7 नंबर तेवढ्यात पोचलेला असतो.

हा 7 नंबर नीट बघा. तो बाजूने घुसलेला नाही, आपल्या गोलरेषेच्या बाजूकडून, सरळ मागून आला आहे. पायांवर उभा आहे, गुडघा टेकलेला नाही. त्याने चेंडूला हात घातला आहे. हे सगळं नियमात बसतं. निळ्या 12 ने आता चेंडू पोटाशी धरून ठेवला तर शिट्टी वाजेल आणि पेनल्टी लालांना मिळेल. नव्या प्रेक्षकाला वाटतं, पडलेल्यालाच शिक्षा कशी? शिक्षा पडल्याची नाही, न सोडल्याची आहे.

[दृश्य: निळा 8 नंबर येऊन भिडतो. पंच वाकून बघतात.]

निळ्या 12 ने चेंडू वेळेत सोडला. निळा 8 नंबर धावत येतो, चेंडूच्या वर लाल 7 ला भिडतो आणि रेटायला लागतो. दोन्ही संघांचा निदान एकेक जण पायांवर, एकमेकांना भिडलेला, आणि मधे जमिनीवर चेंडू: हा झाला रक. आता नव्याने कुणी हात घालायचा नाही. पायांनी ढकलायचं, अंगाने रेटायचं. अपवाद एकच. रक होण्याआधी ज्याचे हात चेंडूवर पोचले होते आणि जो अजून पायांवर आहे, तो झटू शकतो. आपला लाल 7 तसाच आहे, पण 8 नंबरच्या रेट्याने तो मागे सरकतो आणि हात सुटतात. चेंडू निळ्यांकडे आला.

[दृश्य: वरून घेतलेलं चित्र. रकच्या दोन्ही बाजूंना पडद्यावर दोन रेषा उमटतात, एक निळी, एक लाल.]

कबड्डीची मधली रेषा फक्कीने आखलेली असते आणि जागची हलत नाही. रग्बीतली ऑफसाइड रेषा आखलेली नसते. रक जिथं झाला तिथं ती तयार होते आणि रक संपला की जाते. प्रत्येक संघाची रेषा वेगळी. रकमध्ये गुंतलेला आपला सगळ्यात मागचा माणूस शोधायचा. त्याच्या अगदी मागच्या टोकातून, गोलरेषेला समांतर, मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ही रेषा जाते. रकमध्ये नसलेल्या प्रत्येकाने चेंडू बाहेर येईपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं, मग तो रकपासून चाळीस मीटर लांब का असेना.

म्हणून अशा वेळी नजर ढिगाऱ्यावर खिळवू नका. लालांच्या बचावाची रांग बघा, त्यांचे पाय बघा. निळा 9 नंबर चेंडू उचलायला वाकला की रांगेतल्या कुणाचा तरी पाय पुढे पडतो. चेंडू अजून उचललेला नाही आणि लालांचा 13 नंबर एक पाऊल पुढे आला आहे. एका पावलाने काय बिघडतं? चाल करणाऱ्याला विचार करायला मिळणारा वेळ तेवढाच कमी होतो. पंचांचा हात निळ्यांच्या दिशेने आडवा होतो, कमरेच्या उंचीवर. शिट्टी मात्र नाही. हा ॲडव्हान्टेज. चूक लालांची आहे, पण निळ्यांना पुढे फायदा होतोय का ते पंच आधी बघतात.

[दृश्य: निळा 9 कडून 10 कडे, 10 कडून 13 कडे चेंडू. बाजूचा कॅमेरा.]

निळा 10 वेगात पळत 13 ला पास देतो, आणि कडेला उभे असलेले ओरडतात, “फॉरवर्ड! फॉरवर्ड!” म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकला, आणि ते रग्बीत चालत नाही. जमिनीवरच्या खुणा बघितल्या तर चेंडू खरंच पुढे गेलेला दिसतो. हिशोब करू. 10 नंबर सेकंदाला 7 मीटर पळतोय. त्याने चेंडू स्वतःच्या मागे, सेकंदाला 2 मीटर वेगाने फेकला. पण पळण्याचा वेग चेंडूतही आहेच, म्हणून जमिनीच्या मानाने चेंडू सेकंदाला 5 मीटर पुढेच चालला आहे. 0.8 सेकंदात तो 4 मीटर पुढे जातो. पळत राहिलेला 10 नंबर तेवढ्याच वेळात 5.6 मीटर पुढे असतो. चेंडू त्याच्या मागेच राहिला.

गोंधळ होतो तो पास देताच 10 नंबरला कुणी पाडलं तर. तो जागीच थांबतो, चेंडू पुढे जातो, आणि पास चुकीचा वाटतो. पंच जमीन बघत नाहीत. हात समोरच्याच्या गोलरेषेकडे फिरले की मागे, एवढंच बघतात. इथं मागे फिरले. पास योग्य. खरंच पुढे फेकला असता तर स्क्रम झाला असता, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू वाकून एकमेकांना जुंपले असते, मधे चेंडू टाकला गेला असता आणि चेंडू टाकण्याचा हक्क लालांना मिळाला असता.

[दृश्य: निळ्या 13 च्या हातून चेंडू निसटून पुढे पडतो. शिट्टी.]

13 च्या हातून चेंडू पुढे सांडला. निळ्यांना फायदा झालाच नाही, म्हणून पंच खेळ मागे नेतात, लाल 13 ऑफसाइड होता त्या जागी. हात तिरका वर, निळ्यांच्या दिशेने: पेनल्टी. गोलचे खांब समोर आहेत, अंतर आवाक्यातलं आहे. निळा 10 नंबर बोटाने खांबांकडे खूण करतो. 3 गुणांसाठी लाथ मारायची आहे, आणि चेंडू ठेवायचा स्टँड घेऊन एक पोरगा मैदानात धावत येतो.