फाइल घरी राहिली तरी चालेल

(ज्येष्ठ नागरिक संघातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अपघात विभागात आजी-आजोबांना घेऊन येणाऱ्या घरांत एक जाडजूड फाइल हमखास असते, आणि तिच्याविषयी माझी जुनी तक्रार आहे. तिच्यात 2009 सालच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे बिल असते, गुडघ्याचे चार एक्स-रे असतात, कुणीतरी दिलेला पथ्याचा कागदही असतो. नसते ती एवढीच गोष्ट, की काल रात्री या माणसाने कोणती गोळी घेतली. विचारले की उत्तर येते, ‘ती बारीक पांढरी, बीपीची.’ (तुम्ही हसता आहात, पण तुमच्यापैकी निम्म्यांच्या डब्यात त्या वर्णनाच्या किमान तीन गोळ्या सापडतील.) म्हणून माझा आग्रह असा, की फाइल शोधत बसू नका, चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत टाकून आणा. औषधवाल्याने कापून दिलेल्या पट्टीवर बहुधा अर्धेच नाव उरते, तेव्हा ते पूर्ण नाव, किती मिलिग्रॅम आणि घेण्याची वेळ कागदावर आधीच लिहून ठेवा.

हे का, ते एका घटनेवरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका आजींना सकाळी सव्वासात वाजता आणले. तोंड वाकडे झालेले, उजवा हात लुळा, बोलणे अडखळलेले. मुलगा म्हणाला, ‘डॉक्टर, आत्ताच झालं, साडेसहाला.’ परंतु साडेसहा ही त्याने पाहिल्याची वेळ होती, झाल्याची नव्हे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते तास रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला त्या क्षणापासून मोजतात. मुलाने आईला शेवटचे पाहिले होते रात्री साडेनऊला, जेवताना; म्हणजे त्या हिशेबाने मुदत मध्यरात्रीनंतर दोनलाच संपलेली. सुदैवाने घरी फोन लावला. सूनबाई म्हणाल्या, ‘पाच वाजता आईंनी मला हाक मारून गरम पाणी मागितलं, स्वतः पेला धरून प्यायल्या, दूधवाल्याचे पैसे द्यायचे आहेत असंही म्हणाल्या.’ हात चालत होता, वाणी स्वच्छ होती. म्हणून घड्याळ पाचपासून सुरू झाले आणि आम्हाला साडेनऊपर्यंत वेळ मिळाला. जिला माहिती होती ती व्यक्ती मात्र नाश्त्याच्या तयारीसाठी घरी राहिली होती!

पुढचा अडथळा औषधाचा. आजींच्या हृदयाचे ठोके अनियमित होते, म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवणारी एपिक्साबॅन दिवसातून दोनदा चालू होती. ती गेल्या दोन दिवसांत घेतलेली असेल, तर हे इंजेक्शन सहसा देत नाहीत, कारण मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या नेहमीच्या आयएनआर तपासणीतून या गोळीचा अंमल नीट कळत नाही. शेवटची गोळी केव्हा घेतली, याचे उत्तर माणसानेच द्यावे लागते. मुलगा ठामपणे म्हणाला, ‘रोज घेते.’ पिशवीतली पट्टी मात्र रिकामी होती. पुन्हा विचारल्यावर नातीने हळूच सांगितले, की गोळ्या सोमवारी सकाळीच संपल्या होत्या आणि नव्या आणायच्या राहून गेल्या. तो गुरुवार होता, म्हणजे तीन दिवस झालेले. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, मूत्रपिंडेही चांगली होती; इंजेक्शन सुरू झाले. गोळ्या चुकल्या हे सांगण्याची घरच्यांना लाज वाटते. आम्ही कुणाचा हिशेब घेत नाही. ती चूकच त्या दिवशी आम्हाला हवी असलेली माहिती होती.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, आणि ज्या घटनाक्रमासाठी तुम्ही मला बोलावलेत तो अजून राहिलाच आहे. कागदावर फक्त चार गोष्टींच्या वेळा लिहा: शेवटचे ठीक कधी पाहिले आणि कुणी; पहिली खूण कधी व कोणती दिसली; शेवटचे जेवण कधी झाले; शेवटची गोळी कधी आणि कोणती. ‘सकाळी’ असे न लिहिता ‘दूधवाला येण्यापूर्वी’ लिहिले तरी आम्हाला वेळ काढता येते. जेवणाची वेळ मधुमेहींसाठी विशेष महत्त्वाची आहे: ग्लिमेपिराइड घेऊन जेवण चुकले, की साखर उतरून अगदी पक्षाघातासारखे दिसू शकते. घरी ग्लुकोमीटर असेल तर आकडा वेळेसह लिहा, मात्र त्यासाठी निघणे थांबवू नका. 108 ला आधी फोन करा.

औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा अलीकडचा अहवाल आणि नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा डोक्याला लागलेला मार हेही सांगा. स्नानगृहात पडल्याची गोष्ट म्हातारी माणसे लपवतात, म्हणून ती मुद्दाम विचारा. वाटेत तोंडातून पाणी, साखर, ॲस्पिरिन किंवा बीपीची जादा गोळी देऊ नका: गिळता येत नसेल तर घास श्वासनलिकेत जातो, आणि पक्षाघात गुठळीचा की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय आम्हालाही ठरवता येत नाही. इंजेक्शनची मुदत उलटली असली तरी निघायला उशीर करू नका, कारण मोठी रक्तवाहिनी बंद असल्यास काही निवडक रुग्णांत नळीने गुठळी काढण्याचा उपचार चोवीस तासांपर्यंत करता येतो. आणि गाडीत एकच जागा असेल, तर जिने शेवटचे पाहिले तिला बसवा. थोरल्या मुलाने मागून रिक्षाने यावे.