कांद्याचा भाव रोज आपोआप नोंदताना

पदवीच्या प्रकल्पात भावांचा डॅशबोर्ड बनवायला मी नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे कांद्याचे भाव निवडले. data.gov.in वर केंद्र सरकार देशभरातले बाजारभाव खुले ठेवतं. नाव नोंदवलं की फुकट एपीआय की मिळते. प्रत्येक ओळीत बाजार, वाण, तारीख आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर असतात, सगळे रुपये प्रति क्विंटल.

गोम अशी की मी वापरलेल्या या यादीत फक्त चालू भाव मिळतात. आजचे उतरवून घेतले नाहीत, तर उद्या इथे ते दिसणार नाहीत. म्हणून डॅशबोर्डच्या आधी मला साठा करावा लागला. गिटहबवरची छोटी पायथन स्क्रिप्ट रोज संध्याकाळी भाव आणते, सीएसव्ही फाइलीत नव्या ओळी जोडते आणि फाइल कमिट करते. गिटहब पेजेसवरचं पान तीच फाइल वाचून चार्ट.जेएसने आलेख काढतं. रेपॉझिटरी सार्वजनिक असल्यामुळे खर्च शून्य, फक्त एपीआय की गिटहबच्या सीक्रेट्समध्ये ठेवायची, कोडमध्ये नाही. गिटहब अ‍ॅक्शन्सच्या वर्कफ्लो फाइलीत वेळ अशी लावली आहे:

```
on:
  schedule:
    - cron: '17 14 * * *'
```

ही वेळ यूटीसीतली, म्हणजे आपले संध्याकाळचे 7:47. तासाच्या ठोक्याला गिटहबवर गर्दी होऊन काम रखडतं, म्हणून 17 मिनिटं. आणि रेपॉझिटरीत 60 दिवस काहीच हालचाल नसेल तर गिटहब हे वेळापत्रकच बंद करतं. स्क्रिप्टचे रोजचे कमिट थांबले असतील, तर सुट्टीवर जाताना हे लक्षात असू द्या!

आता बिघाड कसा ओळखायचा? एपीआयच्या उत्तरात `total` आणि `count` असे दोन आकडे येतात. `total` मोठा आणि `count` 10 असेल, तर आपल्याला पहिलंच पान मिळालंय. `limit` आणि `offset` देऊन बाकीचं मागवावं लागतं. रविवारी लिलाव नसतो, ओळी येत नाहीत, तरी स्क्रिप्ट हिरवी टिकमार्क दाखवते. म्हणून पानावर स्क्रिप्ट चालल्याची वेळ नव्हे, `arrival_date` मधली शेवटची तारीख ठळक छापते. शेतकऱ्याला तीच हवी असते.

सगळ्यात फसवा भाग वाणांचा. समजा एका बाजारात लाल कांदा 1200 आणि उन्हाळी 1800 असे सर्वसाधारण दर आहेत. दोन्हींची सरासरी 1500 येते, पण त्या भावाला बहुधा एकही ट्रॉली विकली गेलेली नसते. शिवाय हंगाम बदलताना लालच्या ओळी थांबल्या की ही सरासरी एका दिवसात 300 रुपयांनी उसळते. बाजारात तर काहीच घडलेलं नसतं. म्हणून प्रत्येक वाणाची रेघ वेगळी ठेवली. ओळ दुबार शिरू नये म्हणून तारीख, बाजार, वाण आणि मालाची प्रत हे चारही जुळतात का, ते स्क्रिप्ट आधी तपासते. लिलाव नसलेल्या दिवशी रेघ तुटलेली दिसते, ती मी मुद्दाम जोडलेली नाही.